म ला ऋकार

"मॅडम, वाचताना तर सारखंच वाचतात ना?"

शाळेच्या ऑफिसातले भाऊसाहेब हे अगदी सहज बोलले, त्यात तोडून टाकायचा हेतू अजिबात नव्हता. जून महिना, काउंटरबाहेर पालकांची रांग, वर फिरणारा पंखा आणि त्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दाखल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला शिक्का. माझ्या हातात लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला होता आणि त्यावर तिचं नाव छापलं होतं, श्रध्दा. मी म्हटलं भाऊसाहेब, हे चुकलंय, द ला ध जोडायचा असतो, इथं ध ला द जोडलाय. त्यांनी चष्मा वर केला, दाखला जवळ घेतला, लांब धरला, आणि मग ते वाक्य म्हणाले. मागच्या रांगेतल्या एका बाई पण वाकून बघायला लागल्या आणि त्यांनाही काही वेगळं दिसेना. मी तेव्हा काहीच बोलले नाही, दाखला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी आले. पण दिवसभर तेच डोक्यात. भाकरी करताना सुद्धा मी पुटपुटत होते, श्रद्-धा, श्रध्-दा, श्रद्-धा. नीट म्हणून बघा एकदा. पहिल्यात जीभ दातांमागे थांबते आणि मग हवा सोडते, दुसऱ्यात हवा आधीच निघून जाते आणि मग पुढं द म्हणायला पुन्हा थांबावं लागतं. तसं कुणीच बोलत नाही. म्हणजे वाचताना सारखंच वाचतात हे खरं, कारण आपण जे लिहिलंय ते वाचतच नाही, जे माहीत असतं तेच वाचतो.

आमच्या शाळेत मराठीच्या बाईंनी शिकवलं होतं ते तेव्हा आठवलं. ख, घ, ध, भ अशी हवा सोडून म्हणायची अक्षरं म्हणजे महाप्राण, आणि एकाच वर्गातली दोन अक्षरं जोडली तर दोन्ही महाप्राण येत नाहीत, एकच महाप्राण असतो आणि तो मागून येतो. श्रत् आणि धा, त चा द होतो, झाली श्रद्धा. बुद्ध, शुद्ध, सिद्धी, वृद्ध सगळे ह्याच रांगेतले. आणि हे सगळेच शब्द हल्ली बॅनरवर, पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर उलटे दिसतात. मला वाटतं ह्याचं कारण जुनं जोडाक्षर आहे. द च्या पोटात छोटासा ध लटकवलेला असायचा, तो बघून आधी कोण आणि नंतर कोण हे ओळखू येत नाही, डोळ्याला ध मोठा वाटतो, मग टाइप करणारा आधी ध दाबतो. कॉम्प्युटर बिचारा जसं दाबलं तसं ठेवतो. त्याच्या लेखी श्रद्धा आणि श्रध्दा ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाच्या नावानं शोधलं तर दुसरी सापडत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हीचं स्पेलिंग एकच. बोर्डाच्या मार्कलिस्टवर नाव इंग्रजीत, आधारवरचं आम्ही बघायचो ते पण इंग्रजीतलंच, म्हणून घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की सोड ना आता. नवरा म्हणाला, अकरावीचं बघायचं का हे बघायचं. त्याचंही चूक नव्हतं. 2025 ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात सगळेच गोंधळलेले, पसंतीक्रम काय भरायचे, फेरी कधी लागणार, त्यात मी एका अक्षराचं घेऊन बसलेले.

पण एक गोष्ट मला माहीत होती आणि तीच मला गप्प बसू देईना. हा दाखला एकदा कॉलेजला जमा झाला की गेला. कॉलेज मूळ दाखला ठेवून घेतं, त्यावरून त्यांच्या रजिस्टरला नाव चढवतं आणि दोन वर्षांनी बाहेर पडताना स्वतःचा दाखला देतं, चुकीसकट. मग दुरुस्ती करायची म्हटली तर आधी कॉलेजकडून काय, शाळेकडून काय, कुणी कुणाचं बघायचं हेच ठरत नाही. माझ्या ऑफिसात एकीच्या मुलाचं असंच झालं होतं, जातीच्या दाखल्यापर्यंत ते अक्षर त्याच्यामागं गेलं. म्हणून म्हटलं जे करायचं ते दाखला आपल्या हातात आहे तोवरच.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून पुन्हा शाळेत गेले आणि ह्यावेळी थेट हेडसरांना भेटले. हेडसर मूळचे मराठीचे शिक्षक, हे माझं नशीब. त्यांनी दाखला बघितला आणि दोन सेकंदात म्हणाले, "हं, ध्द. आमच्याकडे दर वर्षी दोनतीन सिद्धार्थ असेच जातात." मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी आता भेटेल त्याला सांगत असते. ते म्हणाले, "आधी मला सांगा, चूक दाखल्यात आहे का रजिस्टरमध्ये?"

मला तर हा फरकच माहीत नव्हता.

त्यांनी समजावलं. दाखला हा काही मूळ कागद नाही. मूळ म्हणजे जनरल रजिस्टर, ते जाडजूड कापडी बांधणीचं, जे शाळा कायम जपते. दाखला त्याची नक्कल. दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं पण असतं बघा, वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे आहे असं. आता रजिस्टरात नाव बरोबर असेल आणि उतरवताना चुकलं असेल तर हेडसर स्वतःच्या अधिकारात तो दाखला रद्द करून दुसरा देऊ शकतात, एका अर्जाचं काम आहे. पण रजिस्टरातच चुकलं असेल तर मुलगी शाळेतून नाव काढून गेल्यावर हेडसरांना त्या पानावर पेन टेकवता येत नाही. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शाळा सोडल्यानंतर नाव, जात, जन्मतारीख ह्यात बदल करून मिळत नाही, लिहिताना झालेली उघड चूक असेल तरच, आणि तीही शिक्षणाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. म्हणून लोक येतात आणि आधी अर्ज लिहायला बसतात तिथंच चुकतं, आधी रजिस्टर उघडून बघायचं आणि मग अर्ज. मामांना हाक मारून त्यांनी 2019 चं रजिस्टर मागवलं. पाचवीला ती त्या वर्षी आली होती.

रजिस्टरला तो वास असतो ना, जुन्या खळीचा आणि थोडा वाळवीच्या औषधाचा. सरांनी दाखल्यावरचा रजिस्टर नंबर बघून पान काढलं. आडवं लांब पान, एका ओळीत एक मूल, नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. बोट फिरवत सर थांबले. निळ्या शाईत, कुणाच्या तरी सुंदर वळणदार अक्षरात, श्रद्धा. द च्या पोटात ध. अगदी बरोबर. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं "आहे!" म्हटलं. सर पण हसले, म्हणाले, "चला, तुमचं काम दहा मिनिटांचं."

आणि त्याच ओळीत पुढच्या रकान्यात माझी नजर गेली. आईचे नाव. म्रुणाल.

अर्धा म, र ला उकार. मग मी हातातला दाखला परत बघितला, त्यावर पण म्रुणाल. दोन दिवस मी तो कागद घेऊन फिरतेय, झोपताना उशाशी ठेवलाय, लेकीच्या नावातला ध आणि द मोजलाय, आणि त्याखालच्या ओळीत माझं स्वतःचं नाव मला दिसलं नाही. भाऊसाहेबांना दिसलं नाही म्हणून मी चिडले होते. सहा वर्षं ती ह्या शाळेत होती, दर वर्षी कुठला ना कुठला फॉर्म, बोर्डाच्या परीक्षेआधी प्री-लिस्ट तपासायला आली तेव्हा मी सही केली, पण ते सगळं इंग्रजीत. एम, आर, यू. ह्या स्पेलिंगमध्ये मृ पण बसतो आणि म्रु पण बसतो, चूक आत लपून राहते.

सरांनी मागची फाइल काढायला सांगितली. त्या वर्षीच्या प्रवेशाचे कागद अजून बांधून ठेवलेले होते. वर प्राथमिक शाळेचा दाखला टाचलेला, आणि त्यावर आईचे नाव मृणाल, बरोबर. सरांनी भुवया उंचावल्या. पाचवीची नोंद करताना मागच्या शाळेच्या दाखल्यावरून करायची असते, मग रजिस्टरात म्रुणाल आलं कुठून? त्यांनी दाखला उलटला. खाली शाळेचा प्रवेश अर्ज, आणि तो अण्णांच्या अक्षरातला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. 2019 च्या जूनमध्ये मला सुट्टी मिळेना, नवरा बाहेरगावी, तेव्हा अण्णा म्हणाले मी जातो पोरीला घेऊन, त्यात काय एवढं. पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून गेले होते. चौथी शिकलेला माणूस, पण पेन कायम खिशाला. संध्याकाळी आले ते मोठं काम करून आल्यासारखे, पोरीचं नाव घातलं म्हणाले, सगळा फॉर्म मी लिहिला, कुणाला हात लावू दिला नाही. ते जाऊन आता तीन वर्षं झाली. आणि आता माझ्यासमोर तो फॉर्म होता, बॉलपेननं दाबून दाबून लिहिलेला, एकेक अक्षर सुटं, रेघ आधी मारून घेऊन मग तिला खाली अक्षरं टांगलेली. श्रद्धा बरोबर लिहिलं होतं, ते बहुतेक प्राथमिकच्या दाखल्यात बघून. माझ्या नावाला त्यांनी बघितलं नसणार. बघायची गरज काय, रोज हाक मारत होते की. जसं तोंडात होतं तसं लिहिलं. मराठीत आपण ऋ म्हणत कुठं, रु च म्हणतो. ऋषी म्हणताना रुषी, कृष्ण म्हणताना क्रुष्ण, मृणाल म्हणताना म्रुणाल. हिंदीवाले रि म्हणतात, आपण रु. अण्णांनी कान लावून लिहिलं होतं आणि कानानं ते शंभर टक्के बरोबर होतं. दाखल्यावरचा ध्द डोळ्याची चूक होती, कान असा चुकतच नाही. अण्णांची चूक कानाची.

मी तिथं खुर्चीवर बसून राहिले. सर काय बोलत होते ते थोडा वेळ ऐकूच आलं नाही.

लग्नात आमच्याकडे नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवीन नाव लिहितात ते. आत्याबाईंनी दोनतीन नावं काढून पण ठेवली होती. अण्णा मांडवातूनच म्हणाले, पोरीचं नाव चांगलं आहे, आहे ते राहू दे. त्यावर कुणी काही बोललं नाही कारण अण्णा फार कमी वेळा काही बोलायचे. तर माझं नाव राखलं कुणी म्हटलं तर अण्णांनी. आणि चुकवलं कुणी तर तेही अण्णांनीच. आता मी अर्ज करणार आणि त्यात लिहिणार की नोंद चुकीची आहे. कुणाची चुकीची, तर त्या फॉर्मची. मनात आलं राहू दे, माझंच तर नाव आहे, कोण बघतंय आईचं नाव. पण लगेच हे पण आलं, की हेच वाक्य मला कालपासून खुपत होतं. प्राथमिकच्या दाखल्यावर मृणाल, जन्माच्या दाखल्यावर मृणाल, दहावीच्या दाखल्यावर म्रुणाल, उद्या कुठल्याशा पडताळणीत पोरीला कुणी विचारलं की ह्या दोन बायका एकच का, तर तिनं काय सांगायचं, आजोबांनी हाक मारली तशी लिहिली म्हणून?

सर म्हणाले, दोन वेगळे अर्ज करा. श्रद्धाचा आजच द्या, तो माझ्या पातळीवर होईल, मूळ दाखला परत करा, तो रद्द करून आम्ही स्थळप्रतीला जोडतो आणि नवीन देतो. त्यावर दुय्यम प्रत असा शिक्का येणार नाही, तो हरवलेल्या दाखल्याला असतो. मी म्हटलं सर मग आईचं नाव? ते म्हणाले तो प्रस्ताव जाईल, वेळ लागेल, तोवर नवीन दाखला देऊन उपयोग नाही, कारण तो पण म्रुणालच छापावा लागेल, रजिस्टरप्रमाणे. मग असं ठरलं की दाखला एकदाच, दोन्ही दुरुस्त झाल्यावर. कॉलेजला तोवर हमीपत्र लिहून द्यायचं, सोबत शाळेचं पत्र आणि दाखल्याची साक्षांकित झेरॉक्स. कॉलेजनं ते एका महिन्यासाठी मान्य केलं, ते पण तिसऱ्या फेरीला.

अर्ज मी घरी येऊन लिहिला. विषयात मी लिहिलं होतं "आईच्या नावात बदल करून मिळणेबाबत". दुसऱ्या दिवशी सरांनी पहिली लाल रेघ तिथंच मारली. बदल नाही म्हणाले, दुरुस्ती. बदल म्हणजे एक नाव सोडून दुसरं घेणं, त्याला राजपत्र लागतं आणि राजपत्रानं पुढचं नाव बदलतं, जुन्या रजिस्टरातली नोंद काही आपोआप बदलत नाही. तुमचं नाव तर कधी बदललंच नाही, ते फक्त चुकीचं लिहिलं गेलं. वरच्या ऑफिसात विषयाची ओळ वाचूनच फाइल कुठं जाणार ते ठरतं, बदल दिसला की पहिली शंका येते. मग त्यांनी सांगितलं की चुकीची नोंद आणि योग्य नोंद असे दोन रकाने आखा, शेजारी शेजारी लिहा, आणि खाली अक्षरांचं वर्णन शब्दात करा. मला ते आधी जरा जास्तच वाटलं. पण केलं. शेवटी अर्ज असा झाला.

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: शाळा सोडल्याच्या दाखल्यात व जनरल रजिस्टरमध्ये आईच्या नावातील लेखनाची चूक दुरुस्त करून मिळणेबाबत. महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत जून 2019 मध्ये इयत्ता पाचवीत दाखल झाली. तिच्या नोंदीत आईचे नाव 'म्रुणाल' (अर्धा म, र ला ऱ्हस्व उकार) असे आहे. योग्य नाव 'मृणाल' (म ला ऋकार) असे असून मुलीच्या जन्माच्या दाखल्यात व आपल्याकडे दाखल केलेल्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यात ते तसेच आहे."

आणि मग पुढची ओळ, चूक कशी झाली त्याची. ती द्यावी लागते. सरांनी सांगितलं लिहा, "सदर चूक प्रवेश अर्ज भरताना अनवधानाने झाली आहे." सगळे तसंच लिहितात, साहेबांना पण तोच शब्द ओळखीचा आहे.

मी पेन उघडलं आणि मला लिहिता येईना. अनवधानाने म्हणजे लक्ष नसताना. आणि तो फॉर्म तर मी कालच बघितला होता. एवढं लक्ष देऊन लिहिलेला कागद त्या अख्ख्या फाइलीत दुसरा नव्हता. कुठं खाडाखोड नाही, जन्मतारीख अक्षरात लिहिताना जागा पुरेना तर शेवटचं अक्षर खाली न उतरवता बारीक करून त्याच ओळीत बसवलेलं. सही करताना स्वतःचं पूर्ण नाव, तीन शब्द. चौथी शिकलेला माणूस नातीचं नाव हायस्कूलला घालायला गेलाय आणि मी लिहू की अनवधानाने? मी सरांना म्हटलं, सर हे नाही लिहू शकत मी. त्यांनी विचारलं का. मी फॉर्मकडे बोट दाखवलं, पुढं बोलायला जमलं नाही. सरांनी तो फॉर्म हातात घेतला आणि बराच वेळ बघितला, मराठीचा मास्तर जसा वही बघतो तसा. मग म्हणाले, "उच्चारानुसार लिहिलंय त्यांनी." मी म्हटलं हो. "मग तेच लिहा. पण लेखनाची चूक हा शब्द राहू द्या, त्याच्याशिवाय परवानगी नाही मिळणार." आणि ती ओळ अशी झाली, "प्रवेश अर्जात नाव उच्चारानुसार लिहिले गेले व त्यावरून रजिस्टरमध्ये नोंद घेतल्याने लेखनाची चूक झाली आहे." मला अजूनही ती ओळ आवडते. अर्जातलं एक वाक्य आवडणं हे कुणाला विचित्र वाटेल, पण त्यात खोटं काही नाही आणि कुणाचा अपमान पण नाही.

सोबत जोडायच्या कागदांत मी आधार, पॅन, रेशनकार्ड सगळं आणलं होतं. सरांनी ते बाजूला सारलं, म्हणाले आधार जोडा पण त्याच्यावर भिस्त नको. चुकीच्या नोंदीच्या आधीचा कागद पाहिजे. चूक 2019 ची, तर पुरावा 2019 च्या अगोदरचा, नंतरचा कागद कुणी आज जाऊन करून आणलाय का असं वाटू शकतं. जन्माचा दाखला 2009 चा, आणि त्यात आईच्या नावाचा रकाना मराठीत. तो पहिला. मग प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नुसता दाखला नाही, तर त्या पानाची नक्कल तिथल्या मुख्याध्यापिकांच्या सही शिक्क्याची. तो आणायला मी गेले तेव्हा पाऊस होता, शाळेच्या पडवीत पोरं खिचडीच्या ताटल्या धुवत होती, बाईंनी रजिस्टर काढून मृणाल वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या हे माझंच अक्षर. 2015 ची पहिलीची नोंद. त्या वेळी पण फॉर्म अण्णांनीच भरला असेल का, आणि बाईंनी रजिस्टरात घेताना गुपचूप ऋकार दिला असेल का, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं असं आता वाटतं. मग माझं प्रतिज्ञापत्र, या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, मूळ दाखल्याची झेरॉक्स, आणि सगळ्यांवर सरांचं शिफारसपत्र. एवढं बांधून प्रस्ताव जिल्हा परिषदेत, शिक्षणाधिकारी माध्यमिक ह्यांच्या कार्यालयात गेला. मला पोच मिळाली, आवक नंबर आणि शिक्का असलेली, ती मी पर्समध्ये ठेवली.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला की आदेश आलाय. मी धावत गेले. सर काही बोलले नाहीत, नुसता कागद पुढं केला. आदेशात लिहिलं होतं, आईचे नाव "म्रुणाल" ऐवजी "म्रुणाल" अशी दुरुस्ती करण्यास परवानगी देण्यात येत आहे.

दोन्हीकडे तेच.

मला रडू आलं खरं सांगायचं तर. टाइप करणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसली असणार, एकदा टाइप केलं, कॉपी केलं, पेस्ट केलं. तेव्हा मला कळलं की सरांनी अक्षरांचं वर्णन शब्दात का लिहायला लावलं होतं. त्यांनी लगेच वरती फोन लावला आणि म्हणाले, साहेब अर्जाचा दुसरा परिच्छेद वाचा, म ला ऋकार असं लिहिलंय बघा. पलीकडच्या माणसानं वाचलं असणार, कारण थोडा वेळ शांतता, आणि मग सर म्हणाले हो, हो, शुद्धिपत्रक काढा. ते वर्णन नसतं तर फोनवर काय सांगणार होतो आम्ही, म्रुणाल नाही हो, मृणाल? फोनवर तर दोन्ही एकच ऐकू येतात. शुद्धिपत्रक आठ दिवसांत आलं. नवीन आदेश काढत नाहीत, जुन्याच आदेशाला ते जोडायचं, आणि रजिस्टरात नोंद करताना दोन्हीचे क्रमांक लिहायचे. कॉलेजची मुदत संपायला तेव्हा चार दिवस होते.

रजिस्टरात दुरुस्ती झाली तेव्हा सरांनी मला मुद्दाम बोलावलं. लाल पेननं म्रुणाल वर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं अशी. व्हाइटनर चालत नाही, गिरवणं चालत नाही, कागद चिकटवणं तर नाहीच. वर लाल अक्षरात मृणाल. शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक, तारीख, शुद्धिपत्रकाचा क्रमांक, सरांची सही आणि शिक्का. ती एक ओळ आता त्या पानावर सगळ्यात गजबजलेली दिसते. जुना दाखला सरांनी माझ्यासमोर आडवा छेद देऊन रद्द लिहिला आणि स्थळप्रतीला टाचला. मग भाऊसाहेब कॉम्प्युटरवर बसले. श्रद्धाच्या नावाला आले तेव्हा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "द, मग पाय मोडायचा, मग ध." मी म्हटलं हो. त्यांनी टाइप केलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि छापायच्या आधी मला वाचायला दिलं. मी अक्षर अक्षर सुटं करून वाचलं. त्यांनी माझ्या नावाच्या जागी पण तसंच बोट ठेवून विचारलं, "म ला ऋकार?"

निघताना सर फाइल बंद करत होते, आदेशाची प्रत आत टाचायची होती. मी विचारलं, सर त्या फॉर्मवर पण दुरुस्ती करावी लागते का? म्हणाले नाही, अर्ज तो अर्ज, पालकांनी दिला तसा राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. मी म्हटलं एकदा बघू का. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. वर आदेश, शुद्धिपत्रक, माझा अर्ज, आणि सगळ्यात खाली अण्णांचा कागद, कडेनं थोडा पिवळा पडलेला. बॉलपेन एवढं दाबलेलं की पाठीमागून हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागतात. र चा उकार त्यांनी जरा मोठाच काढला होता, खालच्या ओळीपर्यंत.